कातडी आवळली की सुजली?

लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नाही अशी तक्रार घेऊन पुरुष आला, की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो : पूर्वी मागे जात होती का? या उत्तराने निम्मं निदान होतं. लहानपणापासून ती कधीच पूर्ण मागे गेली नसेल, तर गोष्ट वेगळी. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत काही त्रास नव्हता आणि गेल्या दोन-चार महिन्यांत ती अडकायला लागली असेल, तर गोष्ट अगदीच वेगळी. या दुसऱ्या माणसाला बऱ्याचदा कातडीचा नव्हे, रक्तातल्या साखरेचा आजार असतो आणि तो त्याला ठाऊकच नसतो.

ही कातडी दुहेरी असते. बाहेरचा पदर अंगावरच्या इतर त्वचेसारखा. आतला पदर ओठांच्या आतल्या बाजूसारखा नाजूक आणि ओलसर. हे दोन पदर जिथे मिळतात तिथे कातडीचं तोंड असतं आणि तेच सगळ्यांत अरुंद. जन्मलेल्या बाळात आतला पदर खालच्या गोल टोकाला, म्हणजे शिश्नमुंडाला, चिकटलेलाच असतो. म्हणून बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांची कातडी मागे जात नाही आणि ती ओढून मागे न्यायचीही नसते. वय वाढतं तशी ती आपोआप सुटी होते. डेन्मार्कमधले डॉक्टर याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून १९६८मध्ये आपले निष्कर्ष मांडले. १६-१७ वर्षांच्या मुलांत खरी अडकलेली कातडी शंभरात जेमतेम एकाची राहते, असं त्यांना आढळलं.

त्या एकाचं काय? त्याच्या कातडीचं तोंड मुळातच लहान राहिलेलं असतं. दुखत नाही, खाजत नाही, लालीही नसते. लग्न ठरेपर्यंत तो कुणाला सांगत नाही, आणि मग धास्तावून रात्री-अपरात्री आरशासमोर जोर लावून बघतो. तेवढं करू नये. जोराने ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतात आणि मुळात मऊ असलेलं तोंड टणक होतं. या तक्रारीची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या नावाने हा विकार येतो. तूप लावलेली दोन्ही टोकांना उघडी नळी आत सरकवायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरायची, असा उपाय तिथे सांगितला आहे. नळी आता कुणी घालत नाही. पण कातडी हळूहळू, टप्प्याटप्प्याने आणि न फाडता सैल करायची, हे त्यामागचं तत्त्व आजच्या उपचारातही आहे.

पण दवाखान्यात जास्त गोंधळ होतो तो दुसऱ्या माणसाच्या बाबतीत. एक नमुन्याचा रुग्ण डोळ्यांसमोर आणू. वय ४६, टेम्पो चालवतो, दोन मुलं आहेत. तीन महिन्यांपूर्वी टोकाला खाज सुटली. कातडी मागे घेतली तर आत लालसर, चकचकीत पुरळ, कडेला दह्यासारखा पांढरा थर. उन्हाळा होता, दिवसभर गरम इंजिनाजवळ बसणं. त्याने ठरवलं, उष्णता झाली. सब्जा पिऊन झाला. मग संबंधानंतर कातडीच्या तोंडाशी चिरा पडल्या आणि लघवी लागली की झोंबायला लागलं. मेडिकलच्या दुकानातून त्याने खाजेची ट्यूब आणली. दोन दिवसांत आराम पडला, आठव्या दिवशी ट्यूब थांबवली आणि पंधरवड्यात सगळं पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी कातडी सुजून अशी घट्ट झाली की मागे जाईना. आता मात्र त्याच्या मनात आलं, की हा ‘तो’ रोग तर नाही? आणि याच भीतीने त्याने आणखी तीन आठवडे घालवले.

त्याच्या शरीरात काय चाललं होतं, ते क्रमाने पाहू. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही आणि ती लघवीत उतरते. लघवी झाल्यावर शेवटचे थेंब कातडीच्या आत राहतात. तिथे ऊब आहे, ओल आहे आणि आता साखरही आहे. कॅन्डिडा नावाची बुरशी बऱ्याच माणसांच्या अंगावर मुकाट राहत असते. तिला एवढं पुरतं. ती वाढते, आतला पदर सोलवटतो, खाज सुटते. सुजलेली कातडी ताणली जात नाही, म्हणून मागे घेताना तोंडाशी चिरा पडतात. त्या चिरा चक्राच्या आऱ्यांसारख्या गोलाकार मांडणीत दिसल्या, तर अनुभवी डॉक्टर दुसरं काही विचारायच्या आधी साखर तपासायला सांगतो. ती चीर भरते, तिथे व्रणाचा बारीक धागा उरतो. पुन्हा संसर्ग, पुन्हा चीर, पुन्हा धागा. शेवटी बटव्याच्या दोरीसारखं कातडीचं तोंड आवळत जातं. म्हणजे आधी संसर्ग होता आणि त्यातूनच फायमोसिस तयार झाला. फायमोसिस की संसर्ग, असा सरळ निवाडा या माणसाच्या बाबतीत होत नाही. दोन्ही असतात, आत्ताच्या अडकण्यात सुजेचा वाटा किती आणि व्रणाचा किती, हे ठरवायचं असतं.

ते ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. व्रणाने आवळलेली कातडी मऊ करायला स्टेरॉइडचं मलम उत्तम काम करतं. तेच स्टेरॉइड बुरशीवर एकटं लावलं तर लाली आणि खाज झाकते, बुरशी मात्र खाली वाढत राहते. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या खाजेच्या बऱ्याच ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध अशी तिन्ही एकत्र असतात. टेम्पोवाल्याला दोन दिवसांत पडलेला आराम स्टेरॉइडचा होता. बुरशी मरायला लागतात त्याहून कमी दिवस त्याने ट्यूब लावली, आणि साखरेला तर कुणी हातच लावला नव्हता. शिवाय जोरदार स्टेरॉइड अशा नाजूक जागी पुन्हा पुन्हा लावलं की कातडी पातळ होते आणि आणखी सहज चिरते. माझं स्पष्ट मत आहे, की या जागेसाठी दुकानदाराला विचारून ट्यूब घेणं हे या तक्रारीत होणारं सगळ्यांत मोठं नुकसान आहे.

सूज आणि व्रण यांतला फरक बऱ्याच अंशी घरीही कळतो. संसर्गाची कातडी लाल, ओलसर, गुबगुबीत दिसते. खाजते, झोंबते, वास येतो, पांढरट थर साचतो आणि हे सगळं काही दिवसांत सुरू झालेलं असतं. निव्वळ व्रणाची कातडी शांत असते. लाली नाही, खाज नाही. मागे घ्यायला गेलं की एका ठरावीक जागी फिकट, घट्ट कडं लागतं आणि त्याच्या पुढे ती सरकत नाही. तोंड फारच लहान झालं तर लघवी करताना कातडी आधी फुग्यासारखी फुगते आणि मग बारीक धार येते. आणखी एक गोष्ट यात मिसळते : टोकाच्या खालच्या बाजूला कातडीला जोडणारा एक छोटा पडदा असतो. तो आखूड असला तर कातडी बाकी सगळीकडे मोकळी असते, फक्त खालून ओढ बसते आणि ताठरता आल्यावर टोक खाली वाकतं. त्याचा इलाज निराळा आणि छोटा आहे.

टेम्पोवाला अखेर त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला तेव्हा कातडी जेमतेम पाव भाग मागे जात होती. डॉक्टरांनी जोर लावला नाही. जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, जांघेतल्या गाठी चाचपल्या, थराचा खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली आणि रक्त तपासायला दिलं. साखरेबरोबर एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी सांगितली. ही संशयाची गोष्ट नाही. घट्ट कातडीच्या आड सिफिलिसचा न दुखणारा व्रण लपून राहू शकतो, आणि तो वगळायचा तर रक्तच पाहावं लागतं. दोन्ही तपासण्या ठीक आल्या. उपाशीपोटी साखर मात्र २१० निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ९.६. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह धरतात. त्याला तो बहुधा बऱ्याच दिवसांपासून होता.

उपचार दोन टप्प्यांत झाले. आधी संसर्ग. क्लोट्रिमॅझोलचं साधं, स्टेरॉइड नसलेलं १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे. खाज तिसऱ्या दिवशी थांबली तरी मलम थांबवायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. संसर्ग जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. पण ती इतर औषधांना अडथळा करू शकते, म्हणून स्वतःहून घेऊ नये. सूज फार असली तर काही दिवस सौम्य स्टेरॉइड जोडतातही, पण बुरशीच्या औषधाबरोबर, मोजून आणि डॉक्टरच्या नजरेखाली. त्याबरोबर मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या. धुण्याची रीतही बदलली. तो दिवसातून तीनदा साबण आणि जंतुनाशक घातलेल्या पाण्याने ती जागा घासत होता. त्यामुळे आतला पदर आणखी सोलवटत होता. आता नुसतं कोमट पाणी, दिवसातून एकदा, कातडी सहज जाईल तेवढीच मागे घेऊन. मग टिपून कोरडं करणं आणि कातडी आठवणीने पुढे आणणं.

बायकोलाही खाज आणि पांढरं जाणं होतं, हे त्याने विचारल्यावर सांगितलं. तिलाही औषध मिळालं. जोडीदाराला त्रास असेल तर दोघांचा उपचार एकाच वेळी व्हावा लागतो आणि चिरा भरेपर्यंत संबंध थांबवावे लागतात. इथे एक गैरसमज घर मोडू शकतो म्हणून सांगते : कॅन्डिडाचा संसर्ग झाला म्हणजे कुणी बाहेर गेलं होतं असं मुळीच नाही. बुरशी अंगावरचीच असते; तिला वाढायला साखर मिळाली, एवढंच.

दोन आठवड्यांनी लाली आणि सूज गेली. कातडी आता अर्ध्याच्या पुढे जात होती. म्हणजे तेवढं अडकणं सुजेचं होतं. उरलेल्या जागी एक फिकट कडं लागत होतं, आणि ते व्रणाचं होतं. आता बुरशी नव्हती, तेव्हा स्टेरॉइडची पाळी आली. बीटामेथासोनचं मलम डाळीएवढं घेऊन, दिवसातून दोनदा, नेमकं त्या कड्यावर. शिश्नमुंडावर नाही आणि आजूबाजूला नाही. आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याने कातडी मऊ झाली की ताण जाणवेल पण दुखणार नाही इतपत मागे घ्यायची, अर्धा-एक मिनिट धरायची, पुढे आणायची. दुखलं किंवा चीर पडली की जोर जास्त झाला असं समजून दोन-चार दिवस थांबायचं. हा उपचार साधारण चार ते आठ आठवडे चालतो. त्याची कातडी सातव्या आठवड्यात पूर्ण मागे गेली आणि साखर आटोक्यात असल्यामुळे संसर्ग परतला नाही. प्रत्येकाचं असं होत नाही. कडं जुनं आणि कठीण असेल तर मलमाने फरक पडत नाही. आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर ट्यूब वाढवत नेण्यात अर्थ नसतो.

मधुमेह आधीच असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं कामच मुळी साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हे आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या फार उपयोगी आहेत आणि डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून आपल्याकडे सर्रास दिली जाते. पण रक्तातली साखर उत्तम असतानाही लघवीत साखर राहते, आणि जननेंद्रियाचा बुरशी-संसर्ग हा या गोळ्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. अशी गोळी सुरू झाल्यावर खाज आली किंवा कातडी अडकायला लागली, तर गोळी परस्पर बंद करू नये. ज्यांनी दिली त्यांना मोकळेपणाने सांगावं. कधी धुण्या-कोरडं ठेवण्याने भागतं, कधी गोळी बदलावी लागते.

ज्याच्या साखरेत काही निघत नाही आणि कातडी तरीही आवळत जाते, त्याच्या बाबतीत लायकेन स्क्लेरोससचा विचार करावा लागतो. हा संसर्ग नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या जागेच्या त्वचेवर उलटते असं मानतात. तो जोडीदाराला होत नाही. कातडी आणि टोक चिनीमातीसारखं पांढरं, कोरडं, चिवट होतं. हा आजार मूत्रमार्गाच्या तोंडाशीही पसरतो आणि लघवीची धार फाटायला किंवा बारीक व्हायला लागते. यावर बुरशीच्या मलमाचा काहीच उपयोग नाही. क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड दोन-तीन महिने, देखरेखीखाली लागतं, आणि पुष्कळदा शेवटी शस्त्रक्रिया. या आजारात पुढे कर्करोग होण्याची शक्यता थोडी असते, म्हणून बरं वाटल्यावरही वर्षानुवर्षं तपासणी ठेवावी लागते.

शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा सुंता. प्रौढात ती भूल देऊन, अनेकदा फक्त तेवढीच जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके आपोआप विरघळणारे असतात. काही दिवस सूज असते, उघड्या पडलेल्या टोकाला कपडा लागला की कसंतरी होतं, पण ते ओसरतं. संबंध चार ते सहा आठवडे थांबवायचे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रिया करतात, नाहीतर जखम भरायला उशीर लागतो. काही जण धर्माच्या विचाराने अडतात. वैद्यकीय कारणाने केलेली सुंता ही अपेंडिक्स काढण्याइतकीच धर्माशी संबंध नसलेली गोष्ट आहे. कातडी निरोगी असून फक्त तोंड अरुंद असेल, तर ती न काढता तोंड मोठं करण्याची छोटी शस्त्रक्रियाही होते, तिच्याबद्दल विचारावं. आणि कातडी काढलीच, तर ती पॅथॉलॉजीला पाठवली आहे ना, हे रुग्णाने स्वतः विचारावं. लायकेन स्क्लेरोसस किंवा कर्करोगाची सुरुवात त्या तपासणीतच पक्की कळते.

काही गोष्टींत थांबायचं नसतं. घट्ट कातडी कशीबशी मागे गेली आणि पुढे येईना, टोक सुजायला लागलं, तर ती तातडीची वेळ आहे. सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटं हलका, सलग दाब दिला तर सूज ओसरून कातडी पुढे येऊ शकते. नाही आली तर त्याच तासात रुग्णालय गाठावं, कारण पुढे टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. लघवी पूर्ण अडली तरी तसंच. मधुमेही माणसाला ताप आला आणि लिंगापासून अंडकोशाकडे भराभर पसरणारी लाली, काळसर डाग किंवा असह्य वेदना सुरू झाल्या, तर तो जीवघेणा संसर्ग असू शकतो. रात्र काढू नये. आणि घट्ट कातडीच्या आत गाठ हाताला लागणं, बरी न होणारी जखम, रक्त मिसळलेला किंवा दुर्गंधी स्राव, यांवर मलम लावत बसू नये. लिंगाच्या कर्करोगात वर्षानुवर्षं अडकलेली कातडी हे मोठं कारण आहे आणि तिच्या आडच तो वाढत राहतो.

जायचं कुणाकडे? त्वचारोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्ट; जवळ नसतील तर आपले नेहमीचे एमबीबीएस डॉक्टर साखर तपासण्यापासून सुरुवात करू शकतात. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं आणि नाव गुप्त ठेवतात. केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. ‘लघवीच्या जागेचा त्रास’ एवढं पुरतं. आत गेल्यावर मात्र तीन गोष्टी न विचारता सांगा : पूर्वी कातडी मागे जात होती की नाही, आतापर्यंत कोणकोणती ट्यूब लावली, आणि मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे. वापरलेल्या ट्यूबची रिकामी खोकी सोबत न्या. आणि डॉक्टरने न तपासता नुसती चिठ्ठी लिहायला घेतली, तर ‘एकदा बघून सांगा’ असं म्हणा.